‘ऊन’ला स्वतःचा कर्ता नसतो

“गाडी रिकामी करून गेटपास देण्यात येईल.” गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एखाद्या फाटकाशी फळ्यावर असे वाक्य लिहिले आहे, असे समजा. वाचणारा थांबणार नाही, कारण त्याला अर्थ कळला असे वाटेल. पण हे वाक्य नुसत्या व्याकरणाने वाचले तर गाडी रिकामी करायची कोणी? गेटपास देणारे कार्यालय आहे, आणि वाक्यात दुसरे कोणीच नाही. म्हणजे कार्यालयच गाडी रिकामी करणार आणि मग गेटपास देणार. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र होते की चालकाने किंवा आडत्याने हमालांकडून गाडी रिकामी करून घ्यावी, त्यानंतर कार्यालय पास देईल. दोन कामे, दोन वेगळे करणारे, आणि त्यांना जोडायला वापरलेला प्रत्यय असा की जो एकाच करणाऱ्याची दोन कामे जोडतो. ‘काम आटोपून घरी गेलो’, ‘माल विकून बियाणे घेतले’ अशी वाक्ये आपण दिवसभर बोलतो आणि बोलताना क्वचितच चुकतो. लिहायला बसलो की चुकतो. अर्ज, सूचना, करारपत्र, इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी या एका प्रत्ययाकडे नीट पाहावे, म्हणून हा लेख.

ऊन लागलेल्या रूपाला व्याकरणात पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय म्हणतात. नाव लांबलचक असले तरी त्यात सगळे आले आहे: धातूपासून झालेले, आधीचा काळ दाखवणारे, आणि अव्यय, म्हणजे लिंग-वचन-पुरुषाप्रमाणे न बदलणारे. तो तोलून गेला, ती तोलून गेली, ते तोलून गेले. ‘तोलून’ तसेच राहते. याचे संस्कृतातले पूर्वज म्हणजे ‘कृत्वा’, ‘गत्वा’ ही रूपे. पाणिनीने अष्टाध्यायीत या क्त्वा प्रत्ययाचा नियम सांगताना दोन अटी घातल्या: दोन्ही क्रियांचा कर्ता एक हवा, आणि प्रत्यय लागतो तो आधी घडलेल्या क्रियेच्या धातूला. महाराष्ट्री प्राकृतात याच कामासाठी ऊण हा प्रत्यय आला, जुन्या मराठीत ‘करूनि’सारखी रूपे दिसतात, आणि आजचे ‘करून’ त्याच वाटेने आपल्याकडे आले. इतक्या शतकांत आवाज बदलले, पण एका कर्त्याची अट टिकली. याचे कारण रूपाच्या घडणीतच आहे. ‘तोलला’, ‘तोलली’, ‘तोलतील’ ही रूपे आपापल्या अंगावर कोणाची ना कोणाची खूण वागवतात. ‘तोलून’ कोणतीच खूण वागवत नाही. त्याला स्वतःचा कर्ता ठेवायला जागाच नाही, म्हणून तो पुढच्या मुख्य क्रियापदाकडून उसना घेतो. ऊनच्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक घोटाळा या उसनवारीतून निघतो.

सर्वात सोपा घोटाळा ‘ने’चा. “हमालाने गोण्या उतरवून जेवायला गेला” हे वाक्य घाईत लिहिलेल्या मजकुरात सहज उतरते. लिहिणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा ‘हमालाने गोण्या उतरवल्या’ हे आले, म्हणून ‘ने’ लागला. मग वाक्य लांबले आणि शेवटी ‘गेला’ आले. पण कर्त्याला ‘ने’ लागणार की नाही हे ऊनचे क्रियापद ठरवत नाही, शेवटचे क्रियापद ठरवते. शेवटी ‘गेला’ असेल तर “हमाल गोण्या उतरवून जेवायला गेला”. शेवटी ‘लावली’ असेल तर “हमालाने गोण्या उतरवून थप्पी लावली”. दोन्हीकडे ‘गोण्या उतरवून’ अक्षरशः सारखे आहे, तरी हमालाचे रूप बदलले. इथूनच एक कसोटी हाती येते आणि ती पुढे सगळीकडे उपयोगी पडते: ऊनवाला तुकडा बोटाने झाकावा आणि उरलेले वाक्य मोठ्याने वाचावे. ‘हमालाने जेवायला गेला’ हे कानाला ताबडतोब खटकते. झाकलेले वाक्य बरोबर वाटले की दुसरी पायरी. त्यातला कर्ता घ्यावा आणि झाकलेल्या तुकड्याचे त्याच्यासह पूर्ण वाक्य करावे: ‘हमालाने गोण्या उतरवल्या’. हे खरे असेल, म्हणजे प्रत्यक्षात काम त्यानेच केले असेल, तर ऊन योग्य आहे. नसेल तर वाक्य मोडायला हवे.

पहिल्या पायरीवर न सापडणारी आणि दुसरीवरच सापडणारी चूक अधिक घातक असते, आणि ती ‘ण्यात येईल’, ‘ण्यात आले’, ‘दिले जाईल’ अशा रचनांत दडते. या रचनांत करणारा उघड दिसत नाही. पण तो असतो, आणि ऊन त्या न दिसणाऱ्यालाच धरतो. “अर्ज तपासून निर्णय कळवण्यात येईल” हे निर्दोष वाक्य आहे, कारण तपासणारे आणि कळवणारे एकच कार्यालय आहे. “अर्ज भरून परवाना देण्यात येईल” हे त्याच साच्यातले वाक्य दिसते, पण भरणारा अर्जदार आणि देणारे कार्यालय. आपल्या फळ्यावरच्या सूचनेत हेच झाले. ती सुधारायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतून कोणता निवडायचा हे कोणावर जबाबदारी टाकायची आहे त्यावर ठरते. “गाडी रिकामी झाल्यावर गेटपास देण्यात येईल” असे लिहिले तर रिकामी कोणी करायची हे मोकळे राहते, फक्त क्रम पक्का होतो. “चालकाने गाडी रिकामी करून गेटपास घ्यावा” असे लिहिले तर दोन्ही कामे चालकाकडे येतात आणि ऊनला हक्काचा कर्ता मिळतो. ‘झाल्यावर’, ‘केल्यावर’, ‘आल्यानंतर’ या रूपांचा मोठा गुण हाच की त्यांना स्वतःचा कर्ता चालतो: “हमालांनी गाडी रिकामी केल्यावर कार्यालय पास देईल.” करणारे दोन असतील तिथे ही रूपे, करणारा एक असेल तिथे ऊन, इतके जरी पाळले तरी बहुतेक मजकूर स्वच्छ होतो.

मार्केट यार्डाचे उदाहरण घेण्यामागे कारण आहे. तिथे एका मालाला बरेच हात लागतात. शेतकरी आणतो, हमाल उतरवतो, तोलणार वजन करतो, आडत्या विक्री करून पट्टी बनवतो, खरेदीदार पैसे मोजतो. प्रत्येक कामाचा दाम वेगळा, हमाली वेगळी, तोलाई वेगळी, आडत वेगळी, आणि तो कोणाच्या पदरातून जायचा यावर या व्यापारात वर्षानुवर्षे भांडणे झाली आहेत. 2016 साली राज्यात फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा केवढा वाद पेटला होता. तो सगळा वाद एका क्रियेच्या कर्त्याचा होता: देणारा कोण. आता “आडत वजा करून रक्कम अदा करण्यात यावी” हे वाक्य पाहा. वजा करणारा आणि अदा करणारा एकच, हे ऊन सांगतो. पण तो कोण, हे ‘करण्यात यावी’ने लपवले, आणि कोणाच्या रकमेतून वजा करायची हेही वाक्यात नाही. जिथे पैशाचा प्रश्न आहे तिथे ‘ण्यात यावी’ सोडून कर्ता नावानिशी लिहावा. त्याला पर्याय नाही.

यावर व्याकरण जाणणारा वाचक आक्षेप घेईल की एका कर्त्याचा नियम मराठीत मोडलेला रोज दिसतो. “भिंत कोसळून दोन मजूर जखमी”, “टेम्पो उलटून टोमॅटो रस्त्यावर पसरले”, “पाऊस पडून आवक घटली”. कोसळली भिंत, जखमी झाले मजूर. पडला पाऊस, घटली आवक. आणि ही वाक्ये कोणत्याही मराठी कानाला खटकत नाहीत. आक्षेप खरा आहे, आणि त्याला ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. या वाक्यांतली क्रियापदे नीट पाहिली तर कोसळणे, उलटणे, पडणे, घटणे, पसरणे, जखमी होणे यांतले एकही कोणी ठरवून केलेले नाही. या घटना आहेत, कृती नाहीत. आणि पहिली घटना दुसरीचे कारण आहे. जिथे दोन्हीकडे कोणाचा हेतू नसतो आणि एकातून दुसरे निघते, तिथे मराठी ऊनला दोन कर्ते देऊ करते. त्यात हेतूने वागणारा माणूस आणा आणि पाहा काय होते: “पाऊस पडून आडत्याने लिलाव थांबवला”. वाक्य लगेच लंगडते. ‘पाऊस पडल्यामुळे’ किंवा ‘पाऊस आल्यावर’ म्हणावेसे वाटते. “टेम्पो येऊन हमालांनी गोण्या उतरवल्या” हेही तसेच. म्हणजे सवलत आहे, पण तिला कुंपण आहे, आणि अर्ज-सूचनांतली वाक्ये जवळजवळ नेहमी हेतूने काम करणाऱ्या माणसांबद्दल असतात, म्हणून ती या कुंपणात बसत नाहीत.

याच्या शेजारचा आणखी एक प्रकार आहे. “शेतकऱ्याला पट्टी पाहून धक्का बसला.” रूढ व्याकरणाने कर्ता ‘धक्का’, कारण ‘बसला’ त्याच्याप्रमाणे चालते, आणि धक्क्याने काही पट्टी पाहिलेली नाही. तरी वाक्य बिनचूक आहे. इथे ऊनने पुढच्या क्रियापदाच्या रूपाला जोडलेला शब्द धरला नाही, ज्याला तो धक्का अनुभवास आला त्या शेतकऱ्याला धरले. राग येणे, आठवणे, आवडणे, भूक लागणे अशा क्रियापदांबरोबर ‘ला’ लागलेला माणूसच अर्थाने मालक असतो. म्हणून कसोटी लावताना ‘कर्ता कोणता’ असे पुस्तकी न विचारता ‘हे काम किंवा हा अनुभव कोणाचा’ असे विचारावे. मात्र ‘ला’ दिसला की तोच मालक, असे समजू नये. “आडत्याने शेतकऱ्याला पट्टी वाचून दाखवली” यात वाचणारा आडत्याच, शेतकरी ऐकणारा.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. संदर्भाने कळतेच की, मग एवढी चिकित्सा कशाला? गाळ्यावर उभे राहून कोणी “गाडी खाली करून पास मिळेल” म्हणाले तर प्रत्येकाला कळते, हे मान्य. बोलताना समोर गाडी असते, हमाल असतात, बोलणाऱ्याचा हात कोणाकडे आहे हे दिसते. उसना घेतलेला कर्ता डोळ्यांसमोरच उभा असतो. कागदाला हे काही नसते. शिवाय तो ज्याच्या हाती जातो त्याने ती सकाळ पाहिलेली नसते. तक्रार वाचणारा निरीक्षक, दावा ऐकणारा अधिकारी, सहा महिन्यांनी नोंदवही उघडणारा हिशेबनीस, या सगळ्यांना वाक्यातले शब्द एवढाच संदर्भ. आणि त्यांच्यापैकी एकाला जरी वाक्य आपल्या सोयीने वाचायचे असेल, तर ऊनने दिलेला अर्थ त्याच्या हाती आयता असतो: तुम्हीच लिहिले आहे की उतरवले तुम्ही.

आतापर्यंत कर्त्याचे बोललो. काळाचे थोडे वेगळे आहे. नावात ‘पूर्वकाल’ असला तरी ऊनने दाखवलेले काम दर वेळी संपलेलेच असते असे नाही. “हमाल पाठीवर गोणी घेऊन फळीवर चढला” यात घेणे संपले, पण गोणी अजून पाठीवर आहे. “तो ओरडून भाव सांगत होता” यात ओरडणे आणि सांगणे एकाच वेळचे; ओरडून ही सांगण्याची रीत आहे. इंग्रजीत ‘हॅविंग फिनिश्ड’ म्हटले की काम पुरते संपल्याचा शिक्का बसतो. मराठी ऊनकडे तसा शिक्का नाही. तो अर्थ क्रियापदातून आणि संदर्भातून येतो. शाळेत ‘हॅविंग’चे भाषांतर ऊनने करायला शिकवतात, ते बहुतेकदा जमते, पण उलट दिशेने प्रत्येक ऊनचा ‘हॅविंग’ करायला गेले तर ओरडणे आधी संपवून मग भाव सांगणारा माणूस तयार होतो. मराठीत जिथे काम पूर्ण झाल्यावरच पुढचे करायचे आहे, हे ठासून सांगायचे असेल, तिथे ‘तोलून झाल्यावर’, ‘पूर्ण उतरवून झाल्यानंतर’ असे लिहावे. “सर्व गोण्या तोलून पट्टी करावी” आणि “सर्व गोण्या तोलून झाल्यावरच पट्टी करावी” यांत दुसऱ्यात पळवाट उरत नाही.

नकार आला की मात्र अतिशय जपावे. “शेतकऱ्याने पट्टी बघून सही केली नाही.” याचे दोन अर्थ होतात. एक, पट्टी पाहिली, पटली नाही, म्हणून सही नाकारली. दुसरा, सही केली खरी, पण पट्टी न बघता केली. बोलताना ‘बघून’वर जोर दिला की दुसरा अर्थ येतो, कागदावर जोर उमटत नाही. पहिल्या अर्थी माणूस सावध ठरतो, दुसऱ्यात निष्काळजी, आणि तक्रारीचा निकाल कदाचित तेवढ्यावरच फिरतो. पहिला अर्थ हवा तर “पट्टी बघितली, पण सही केली नाही” किंवा “पट्टी बघूनही सही केली नाही”. दुसरा हवा तर “पट्टी न बघता सही केली”. ऊनचा नकार ‘न बघून’ असा होत नाही, ‘न बघता’ असा होतो, हे आपल्याला अंगवळणी पडलेले असते. त्याचा फायदा घ्यावा आणि नकार ज्या क्रियेचा आहे त्या क्रियेलाच चिकटवावा.

बातम्यांत आणि शासकीय पत्रांत सर्रास दिसणारा ‘असून’ मात्र या हिशेबात धरू नये. “कांद्याची आवक वाढली असून भाव उतरले आहेत” यात वाढली आवक, उतरले भाव, दोन कर्ते. तरी चालते, कारण हा ‘असून’ आता ‘आणि’चे काम करतो. ‘म्हणून’चेही असेच झाले, मुळात तो ‘म्हणणे’चा ऊन, आज कोणी काही म्हणत नसले तरी कारण जोडतो. असे शब्द घासून घासून अव्यय बनले आहेत. पण ‘असून’ चालतो म्हणून ‘करून’, ‘तोलून’, ‘देऊन’ही तसेच चालतील, असे समजणे चूक, त्यांच्यात काम करणारा माणूस अजून जिवंत आहे. लेखनाचेही जाता जाता सांगतो. धातूतच व असेल तर वून: ठेव-ठेवून, लाव-लावून, उतरव-उतरवून, जेव-जेवून. धातू स्वरान्त असेल तर ऊन: जा-जाऊन, घे-घेऊन, दे-देऊन. ‘ठेऊन’ आणि ‘घेवून’ दोन्ही चुकीचे.

आता एक अख्खा अर्ज घेऊ. तो मी उदाहरणासाठी रचला आहे, पण धाटणी ओळखीची वाटेल: “दि. 12 रोजी मी कांद्याच्या 40 गोण्या घेऊन येऊन, गाळ्यावर उतरवून, आडत्याने तोलून 38 गोण्यांची पट्टी देऊन, विचारणा करून उत्तर मिळाले नाही.” शेवटचे क्रियापद ‘मिळाले नाही’. ऊनचे तुकडे झाकून वाचले की उरते “मी उत्तर मिळाले नाही”. पहिली पायरीच निसरडी. ‘मी’च्या जागी ‘मला’ हवे होते. मग एकेक तुकडा ‘मी’ला लावून पाहू. गोण्या मी आणल्या, खरे. गाळ्यावर मी उतरवल्या? बहुधा नाही, हमालांनी. आणि दोन गोण्यांचा वाद असताना उतरवतेवेळी त्या कोणाच्या ताब्यात होत्या, हाच तर मुद्दा आहे. अर्जदाराने नकळत तो स्वतःवर घेतला. ‘तोलून’ला मध्येच ‘आडत्याने’ हा वेगळा कर्ता जोडला, जो त्याला पेलत नाही. ‘पट्टी देऊन’ही आडत्याचे, पण लगेच पुढचे ‘विचारणा करून’ पुन्हा अर्जदाराचे. कर्ता मधल्या मध्ये तीनदा बदलला आणि वाचणाऱ्याला कुठेच खूण नाही.

मोडून लिहिले तर पहिला खर्डा असा होईल: “दि. 12 रोजी मी कांद्याच्या 40 गोण्या गाळ्यावर आणल्या. हमालांनी त्या माझ्यासमोर उतरवून मोजल्या. आडत्याने माल तोलून मला पट्टी दिली. तिच्यात 38 गोण्या लिहिल्या आहेत. मी दोनदा गाळ्यावर जाऊन विचारणा केली, तरी उत्तर मिळाले नाही.” आता तीन ऊन उरले आणि प्रत्येकाला आपला कर्ता आहे. भाषा स्वच्छ झाली, पण कसोटीची दुसरी पायरी अजून बाकी आहे: प्रत्येक ऊन प्रत्यक्षात खरा आहे का? ‘हमालांनी उतरवून मोजल्या’ म्हणजे मोजणीही हमालांनीच केली. मोजणी गाळ्यावरच्या दिवाणजीने केली असेल तर “हमालांनी उतरवल्यावर दिवाणजींनी मोजल्या” असे हवे. ‘आडत्याने तोलून पट्टी दिली’ हेही व्याकरणात चोख, पण काटा तोलणाराच्या हाती असेल तर खोटे. तेव्हा शेवटचा मजकूर असा: “हमालांनी गोण्या माझ्यासमोर उतरवल्यावर दिवाणजींनी मोजून 40चा आकडा सांगितला. तोलणाराने माल तोलल्यावर आडत्याने मला पट्टी दिली; तिच्यात 38 गोण्या लिहिल्या आहेत.” दोन गोण्या दिवाणजींच्या मोजणीनंतर आणि पट्टी होण्याच्या आत कुठे गेल्या, हे आता कोणाला विचारायचे ते अर्जावरूनच कळते.